उघडी बाजू

मुलुंडला आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. निवृत्त, मूलबाळ नाही. त्यांचा आणि काकूंचा दर रविवारी दुपारी स्क्रॅबलचा डाव असायचा. काकू गेल्या, तेव्हा मला नुकतीच नोकरी लागली होती. एका रविवारी काका दारात येऊन म्हणाले, "येतेस का गं खेळायला? दोघांत मजा येत नाही."

दोघांत म्हणजे काय, ते खाली गेल्यावर कळलं. तिसऱ्या खुर्चीसमोरही रॅक होती. काकांनी पिशवीतून न बघता सात अक्षरं काढली आणि रॅकवर उभी केली, तोंडं खुर्चीकडे. "तिची पाळी आपण सोडून द्यायची," ते म्हणाले.

मी उरलेल्या खुर्चीत बसले.

डाव संपत आला तेव्हा मी वीस-एक गुणांनी पुढे होते. हातात क्यू, यू, ई, एन, दोन व्ही आणि एक आय. उजव्या बाजूला पटावरचा एक ई धरून 'क्वीन' बसत होता. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात, एनही तसाच, छत्तीस गुण! पण शब्द कडेच्या एक घर आधी संपत होता. पुढे कुणी एस जोडला की त्याला कडेचा उभा रकाना मोकळा, आणि त्यात तिप्पट शब्दाचं लाल घर. शिवाय माझ्याकडे ते दोन व्ही उरले असते. दुसरा मार्ग होता: डाव्या कोपऱ्यात पटावरचा ए धरून 'व्हायव्हा'. गुण जेमतेम बारा, पण व्ही खपले असते, क्यू-यू हातात राहिले असते आणि पट बंद.

काकांनी माझी नजर ओळखली. "ती बाजू उघडू नकोस. तुझी काकू असल्याच जागेची वाट बघत बसायची. एस धरून ठेवायची, अर्धा डाव."

"पण काका, एस तुमच्याकडे आहे का?"

"माझ्याकडे नाही."

मी क्वीन लावला. काकांनी माझ्याकडे नाही, खुर्चीकडे पाहिलं. मग कुठेतरी चार-पाच गुणांचा शब्द ठेवला. त्या रकान्याला शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही. मी जिंकले.

उरलेली अक्षरं वजा करायची म्हणून काकांनी काकूंची रॅक फिरवली. आर, ई, एस, टी, आय, एन, जी. ओळीने. रेस्टिंग.

मी पटावर मोजून पाहिलं. आर लाल घरात पडत होता, एस बरोबर क्वीनच्या शेपटाला. सातही अक्षरं एकदम, म्हणून वर पन्नासचा बोनस. ही अक्षरं काकांकडे असती तर मी हरले असते.

"तुम्ही लावलीत?" मी विचारलं.

"मला दिसत तरी होती का?"  त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते भीतीचं नव्हतं. किती दिवसांनी कुणाचं पत्र यावं, तसं काहीतरी.

पुढच्या रविवारी जावं की नाही, हे मी शनिवारभर ठरवत होते. गेले. माझ्या हातात चाळीसचा शब्द आला, कडेला लागून. मी अकराचा लावला आणि खुर्चीकडे बघायचं टाळलं.

"आता शिकलीस," काका हळूच म्हणाले. मला म्हणाले असावेत.