सदतिसावा रोल

माझा स्वभाव संशयी, हे मी आधीच कबूल करते. भाजीवाल्याच्या काट्याकडेही मी टक लावून बघते. ठेकेदाराच्या सोलापूरच्या ऑफिसात बिलं तपासण्याचं काम मला मिळालं ते याच गुणावर, आणि मला त्याचा अभिमानही होता.

मंगळवेढ्याच्या बाजूला बाराशे मीटर रस्ता आमच्याकडं होता. जमीन काळी, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. तिच्यावर नुसती खडी टाकली की खडी मातीत रुतते आणि माती वर येते. म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं. घोंगडीसारखं जाड, करडं कापड. एक रोल पाच मीटर रुंद, शंभर मीटर लांब. साइटच्या स्टोअरवर एक वयस्कर स्टोअरकीपर होते, सोलापूरचेच. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे.

बिलात कापड रस्त्याच्या क्षेत्रफळाइतकंच धरतात. चौदा मीटर रुंदी गुणिले बाराशे, म्हणजे सोळा हजार आठशे चौरस मीटर. अंथरताना एका रोलाच्या पट्टीवर दुसऱ्याची पट्टी थोडी चढते, तो भाग बिलात येत नाही. त्यासाठी ऑफिसात आम्ही पाच टक्के वाढवायचो. कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण मी रुजू झाल्यापासून पाच टक्केच. त्या हिशोबानं साडेपस्तीस रोलांच्या आत काम भागायला हवं होतं. चाचांच्या रजिस्टरात मात्र छत्तीस रोल अख्खे गेलेले, सदतिसावा फोडलेला आणि त्यातले चौसष्ट मीटर स्टोअरमध्ये शिल्लक. म्हणजे एका रोलाहून जास्त कापड गायब.

मी फोन केला. चाचा म्हणाले, सगळं रस्त्यात गेलंय. मुकादमानं रोलाच्या आतली रिकामी नळी परत आणल्याशिवाय ते दुसरा रोल द्यायचेच नाहीत, आणि सगळ्या नळ्या नंबर टाकून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. एवढा नीटनेटकेपणा ऐकून माझा संशय उलट वाढला. रिकाम्या नळ्या काय, कुठूनही आणता येतात. चोर कधी पसारा ठेवतो का?

दुसऱ्या दिवशी गाडीनं साइटवर निघाले. मंगळवेढ्याच्या अलीकडं रस्त्याकडेच्या एका शेतात कडब्याची गंज दिसली आणि तिच्यावर करडं कापड. झालं! मी गाडीतूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. कापड विकलं गेलंय, म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलं. साहेब म्हणाले, चाव्या काढून घ्या, आजपासून त्यांना बंद करा.

साइटवर उतरले आणि सगळ्यांसमोर चाव्या मागितल्या. चाचांनी जुडगा माझ्या हातात दिला. नंतर स्टोअरच्या बाहेर सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसले. त्यांच्या घरी या पगाराची तेवढी एकच मिळकत होती, हे मला माहीत होतं. वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, नाही वाटलं. जिंकल्यासारखं वाटत होतं.

आता पुरावा हवा होता. कापड विकलं असेल तर ते कुठंतरी कमी अंथरलेलं असणार, म्हणजे सांध्यावर पट्टी पट्टीवर नीट चढवलेली नसणार. मुकादमाला म्हटलं, खडी काढा, सांधे उघडे करा. जेसीबी लावला तर कापड फाटेल, म्हणून त्याची माणसं पहारीनं आणि हातानं खडी बाजूला करू लागली. डाव्या कडेपासून साडेचार मीटरवर वरच्या पट्टीची किनार दिसली. ती उचलली, खालच्या पट्टीची किनार सापडेपर्यंत टेप लावला. पन्नास सेंटिमीटर. दुसरा खड्डा, पलीकडच्या सांध्यावर. पन्नास. तिसरा मी हट्टानं मला वाटलं तिथं खणायला लावला. बावन्न.

मुकादमानं ड्रॉइंग आणून पुढं धरलं. जमीन मऊ म्हणून सांधा पन्नास सेंटिमीटर, आणि रोल संपून पुढचा सुरू होतो तिथं एक मीटर, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पान माझ्या फायलीतही होतं, मी कधी उलटलंच नव्हतं. मग तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तीन पट्ट्या मिळून पंधरा मीटर टाकल्या, तवा कुटं चौदा झाकलं की."

पंधरात चौदा. दोन सांध्यांत एक मीटर गेला. मी तिथंच उन्हात कागदावर मांडायला लागले. एका पट्टीला बारा रोल, त्यांचे अकरा सांधे, म्हणजे अकरा मीटर खाली जाणार. बाराशेऐवजी अकराशे एकोणनव्वद भरणार. उरलेल्या अकरा मीटरांसाठी, सांधा धरून, बारा मीटरांचा तुकडा. तीन पट्ट्यांचे तीन तुकडे, छत्तीस मीटर, सदतिसाव्या रोलातून. शंभरातून छत्तीस गेले की उरतात चौसष्ट. पाच टक्के कुठले, आठाच्या वर जात होतं. चाचांचं रजिस्टर मीटरभरही चुकलं नव्हतं.

एक आशा तरी उरली होती, ती गंजीवरच्या कापडाची. हो, आशाच म्हणते, लाज वाटते तरी. परत जाताना गाडी थांबवून शेतात गेले आणि ते हातात घेतलं. खताच्या पोत्यासारखं विणलेलं, चकचकीत, पातळ. आमच्या कापडाशी त्याचं काही नातं नव्हतं. शेतकऱ्यानं सांगितलं, टेंभुर्णीच्या बाजारातून विकत आणलंय. हे मी सकाळी पाच मिनिटं उतरून विचारलं असतं तर?

गाडी वळवून पुन्हा साइटवर आले. साहेबांना फोन करून चूक माझी आहे हे सांगितलं. चाचा अजून पोत्यावरच होते. चाव्या पुढं केल्या आणि माफी मागितली, अगदी हात जोडून.

"मला इचारायचं व्हतं मॅडम," ते म्हणाले. "म्या मोजून दावलं असतं."

चाव्या त्यांनी घेतल्या. नोकरी वाचली. मला वाटलं, मिटलं.

पण त्या दिवसापासून, ऑफिससाठी काही न्यायला गेले तरी, चाचांनी मला एकही वस्तू शब्दावर दिली नाही. खिळ्यांचा पुडा असो की पाण्याचा पाइप, माझ्यासमोर मोजायचे, माझी सही घ्यायचे, मगच वस्तू हातातून सोडायचे. मी म्हणायचे, चाचा, राहू द्या, माझा विश्वास आहे. ते हसायचे आणि मोजत राहायचे. बाकी कुणाशी ते असं वागत नव्हते.

दोन वर्षांनी ते काम सोडून घरी बसायला निघाले. स्टोअरचा ताबा घ्यायला ऑफिसनं नेमकं मलाच पाठवलं. मी म्हटलं, यादी द्या, मी डोळे झाकून सही करते. त्यांनी मान हलवली. "न्हाय मॅडम. मोजून घ्या."

मी खुर्ची पुढं सरकवली, ते बसले नाहीत. मी मोजत गेले. रोल, नळ्या, फावडी, पहारी, बोल्टांच्या पेट्या, एकेक बोल्ट. दोन तास ते दारात ताठ उभे होते, पाय दुखत असणार. सगळं बरोबर भरलं. एखादा तरी बोल्ट कमी भरावा, म्हणजे त्या दिवसाचं ओझं थोडं उतरेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.