कौलांचे तीन रुपये

साताऱ्याला बदली झाली तेव्हा आम्ही सांगलीतल्या दोन खोल्या सोडल्या. चार वर्षांपूर्वी घरमालकांकडे साठ रुपये अनामत ठेवली होती. महिन्याभराने मनीऑर्डर आली ती साडेपस्तीसची. मागोमाग आलेल्या पाकिटात कापलेल्या पैशांची यादी होती. सफेदी बारा रुपये. फुटकी कौलं आठ नग, मजुरीसकट सहा रुपये. लाईट साडेचार. मोरीच्या दाराची कडी दोन.

यादी वाचून हे म्हणाले, "शेजारच्या बाईंस्नी पत्र लिहायला सांगतो. तिथंच राहत्यात, कौलंबी बघतील. अक्षर काय हाय त्यांचं, मोती नुसते."

शेजारच्या बाई म्हणजे त्याच मालकांच्या भाडेकरू, आमच्या भिंतीला भिंत असलेल्या शाळामास्तरीण. सांगलीत असताना त्यांच्या अक्षराचं, त्यांच्या बोलण्याचं, त्यांच्या इस्त्रीच्या लुगड्याचं कौतुक मी रोज ऐकत होते. घरमालकांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे, आणि त्या मात्र त्यांना ओट्यावर बसवून नळाचं गाऱ्हाणं सांगायच्या. आता गाव सोडून आलो तरी त्या आमच्या घरात होत्याच.

"मी लिहिते," मी म्हणाले.

"तू? आगं, चौथी शिकल्याली तू, कायद्याचं पत्र हाय ते."

"कायदा कशाला लागतोय? चुना मीच आणला होता की."

हे हसले, पण दौत पुढं सरकवली.

मी दोन दिवस लिहीत होते. सफेदीबद्दल लिहिलं की, मागच्या दिवाळीला आम्ही हातानेच चुना लावला, चुना आणि नीळ मिळून दीड रुपया झाला. चुलीच्या धुराने भिंत काळी होते ती स्वयंपाक केल्याने, नासधूस केल्याने नव्हे, आणि नव्या भाडेकऱ्यासाठी सफेदी मालकच करतात. तरी बारा रुपये खर्च झाले असतील तर पावती दाखवावी. लाईटचं बिल महिन्याचं आहे, आम्ही दहा तारखेला घर सोडलं, म्हणून तिसरा हिस्सा, दीड रुपया, आमचा. कडी आम्ही आलो तेव्हापासून तारेनं बांधलेली होती, आणि यांनी ते तेव्हाच मालकांच्या कानावर घातलं होतं.

राहिली कौलं. ती माझ्याच पायाखाली फुटली होती. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला मी छपरावर चढायची. बाई खाली उभ्या राहून ताटं वर द्यायच्या. त्या कधी चढल्या नाहीत, उंचीची भीती वाटायची त्यांना. मी लिहिलं, 'छपरावर दोन्ही घरच्या बायका वाळवण घालत, तेव्हा कौलांचे सहा रुपये दोन्ही घरांवर निम्मे पडावेत.' लिहिताना हात थांबला नाही. उलट बरं वाटलं.

शेवटी बेरीज केली: आमच्याकडे लागू दीड आणि तीन, मिळून साडेचार. कापले साडेचोवीस. वीस रुपये परत मिळावेत.

यांनी पत्र दोनदा वाचलं. "लय नेमकं लिवलंस गं," म्हणाले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझ्या लिहिण्याला हे पहिल्यांदाच चांगलं म्हणाले.

पंधरा दिवसांनी चौदा रुपये आले. लाईटचे तीन, कडीचे दोन, कौलांचे तीन सोडले होते. सफेदीचे निम्मे मात्र ठेवून घेतले. मी दिवसभर तरंगत होते.

चार दिवसांनी बाईंचं कार्ड आलं. यांनी ते मोठ्यानं वाचलं. 'मालकांनी या महिन्याच्या भाड्यात कौलांचे तीन रुपये धरले. मी देऊन टाकले. कुरडया आम्हीही पोटभर खाल्ल्या होत्या, तेव्हा बरोबरच आहे. ताईंचं पत्र मालकांनी मला दाखवलं. फार छान लिहिलंय, त्यांना सांगा.'

"बघ," हे म्हणाले, "कसं मोठ्या मनाचं माणूस! दुसरी असती तर भांडली असती. पण कौलांवर त्याबी चढायच्या व्हय गं?"

"चढायच्या कधीकधी," मी म्हणाले, आणि चूल फुंकायला आत गेले.

माझ्या पत्राचं कौतुकही शेवटी त्यांच्याच अक्षरात माझ्याकडे आलं, याची मला चीड आली होती. शरमेपेक्षा चीडच जास्त.

पुढच्या आठवड्यात भाजी आणायला म्हणून निघाले आणि पोस्टात गेले. खिडकीशी पुरुषांची रांग होती; तीनदा मागे फिरले. शेवटी बाईंच्या नावे तीन रुपयांची मनीऑर्डर केली. खालच्या कुपनात निरोप लिहायला जागा असते. 'मी एकटीच चढायची' हे लिहायचं ठरवून आले होते. लिहिलं एवढंच, 'कौलांचे.'

कारकुनानं पावती दिली. ती मी फाडली नाही, यांना दाखवलीही नाही. बाईंनी मला उलट पत्र पाठवलं नाही, की यांना काही कळवलं नाही. त्यामुळे मला त्यांचा आणखीच हेवा वाटला.