ओटीपीपुरता फोन

माझ्या भाच्याचा फोन महिन्यातून दोनतीनदा तरी यायचा. तो मेलबर्नला. तिथं त्याची जेवणाची सुट्टी म्हणजे इथं भिवंडीत, घरामागच्या पॉवरलूमच्या खडखडाटात, माझ्या सकाळच्या चहाची वेळ. "आत्या, ओटीपी आला का?" हे त्याचं पहिलं वाक्य. मी चष्मा लावून आकडे वाचायचे, तो ते तिकडे टाकायचा. विजेचं बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं माझ्या बँक खात्यातून तोच भरायचा. "झालं गं," म्हणायचा. त्या "झालं गं"च्या आत मला काय सांगायचंय ते उरकावं लागे. गुडघा बरा आहे, खालच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले, तू जेवलास का. बहुतेक वेळा मी गुडघ्यापर्यंतच पोचायचे.

मी लग्न केलं नाही. भाऊ-वहिनी गेले तेव्हा हा आठवीत होता. तेव्हापासून आम्ही दोघंच. शाळेच्या कार्यालयात क्लार्क म्हणून नोकरी करून मी त्याला शिकवलं. इथंच जवळ, दापोड्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात त्याला पहिली नोकरी लागली, तिथून तो पुढे पुढे जात राहिला. मेलबर्नला जाण्याआधी माझं नेट बँकिंग त्यानंच सुरू करून दिलं. पासवर्ड त्याचा, मोबाईल माझा. मला तो पासवर्ड कधी विचारावासाही वाटला नाही.

एके दिवशी फोन आला, पण ओटीपीचं विचारलंच नाही.

"आत्या, लॉक झालं बघ. पासवर्डची मुदत संपली होती, मी नवीन ठेवला होता तोच आता आठवत नाहीये. दोनचारदा चुकीचा टाकला, तर खातंच बंद केलं त्यांनी."

"मग आता?"

"कस्टमर केअरला मेल कर ना. तुझ्या नावाचं खातं आहे, तूच केलेला बरा. मला इथून जमत नाही, या आठवड्यात श्वास घ्यायला वेळ नाही."

फोन ठेवल्यावर मी हिशेब लावला नाही, पण मनात आलंच, की आता लॉक उघडेपर्यंत हा फोन करणार नाही.

आयुष्यभर मी शाळेसाठी पत्रं लिहिली. शिक्षणाधिकाऱ्यांना, पालकांना, वीज कंपनीला. त्यामुळे पत्राची भीती नव्हती. दुपारी मोबाईलवर एकेक अक्षर शोधत लिहायला बसले. विषय: नेट बँकिंग खाते लॉक झाल्याबाबत व ते पुन्हा सुरू करण्याची पद्धत कळवण्याबाबत. मग माझं नाव, शाखा, खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे. पुढे लिहिलं, "चुकीचा पासवर्ड अनेकदा टाकला गेल्याने माझे खाते लॉक झाले आहे. नोंदणीकृत मोबाईल माझ्याजवळच असून चालू आहे. खाते पुन्हा सुरू करण्यासाठी मी काय करावे, कोणती कागदपत्रे लागतील, शाखेत यावे लागेल का, हे कृपया कळवावे."

इथं थांबायला हवं होतं. पण कारण अर्धवट राहिल्यासारखं वाटलं, म्हणून पुढे लिहीत गेले. पासवर्ड माझा भाचा टाकत असे. तो परदेशी असतो. मी त्याला फोनवर ओटीपी सांगत असे. मी एकटी राहते. तो आठवीपासून माझ्याजवळ वाढला आहे.

वाचून पाहिलं. शेवटची दोन वाक्यं बँकेच्या काही कामाची नव्हती. ती खोडली. घरात बसून मी हे कोणाला सांगत होते कोण जाणे. भाच्याबद्दलचं बाकीचं मात्र राहू दिलं, कारण ते खरं होतं. मेल पाठवून दिला.

लगेच एक ठरावीक उत्तर आलं, तक्रार क्रमांक देणारं. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी. पैसे सुरक्षित आहेत, लॉक हा सुरक्षेचाच भाग आहे. लॉगिनच्या पानावर 'पासवर्ड विसरलात' हा पर्याय निवडून डेबिट कार्डाची माहिती आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून नवा पासवर्ड ठेवता येईल. कार्ड नसेल तर ओळखपत्र घेऊन आपल्या शाखेत यावे. आणि शेवटी: "आपला पासवर्ड व ओटीपी कोणालाही, अगदी जवळच्या नातेवाइकांनाही सांगू नये."

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. भाच्यावर संशय घ्यावा असं त्यात काही नव्हतं. पण ते पाळलं तर त्यानं मला फोन कशासाठी करायचा?

कपाटातून कार्ड काढलं तर त्याची मुदत केव्हाच उलटलेली. म्हणजे शाखेत जाणं आलं. आधार, पॅन, पासबुक पिशवीत घातलं आणि रिक्षा केली.

शाखेत गर्दी होती. दिघाशी गावाहून आलेले एक काका बाकावर सरकून म्हणाले, "बसा मावशी, हितं बराच टाइम हाय." त्यांच्यासोबत त्यांची सून होती, मांडीवर नात. मी पिशवी मांडीवर घेतली.

काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी फॉर्म दिला, माझी सही जुन्या सहीशी ताडून पाहिली, कागदपत्रं तपासली.

"नेट बँकिंग वापरतं कोण, मावशी?"

"मीच. म्हणजे भाचा. तो बाहेरगावी असतो."

"आता तुम्हीच वापरा. मी लॉक काढते. मोबाईलवर ओटीपी येईल, तो मलासुद्धा सांगू नका. तुमच्याच फोनवर टाका आणि नवा पासवर्ड ठेवा."

मी पासवर्ड टाइप करू लागले तशी त्यांनी मान दुसरीकडे वळवली. एवढ्या गर्दीत कोणी माझ्यासाठी मान वळवली याचं मला बरं वाटलं, आणि एकटंही वाटलं. पासवर्ड काय ठेवायचा ते ठरवायला वेळ लागला. आता तो फक्त मलाच ठाऊक असणार होता.

घरी येऊन विजेचं बिल मीच भरलं. हिरवी खूण आली. भाच्याला मेसेज केला, 'खातं सुरू झालं. बिल भरलं. आता तुला त्रास नाही.' त्याचा अंगठा आला. पुढं काही नाही.

महिना गेला. गॅसचं, मेंटेनन्सचं, सगळं मी भरलं. चहाच्या वेळी फोन टेबलावर पडलेला असे. त्याची काही चूक नव्हती. काम संपलं होतं.

मग एका सकाळी मीच फोन लावला.

"आत्या? काय झालं? परत लॉक?"

"नाही. काही काम नाही."

  इतकी वर्षं आम्ही आकड्यांवर बोललो होतो, बिनकामाचं कुठून सुरू करायचं ते दोघांनाही सुचेना. फोन ठेवावा असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "मागून लूमचा आवाज येत नाहीये. आज शुक्रवार ना? बंद असतील."

"हो. शुक्रवारच आहे, लूमना सुट्टी."

"इथं मला सुरुवातीला झोपच यायची नाही. शांततेनं."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. त्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय आणलंयस जेवायला?" तो सांगू लागला.