नंबरवार लावलेला गठ्ठा

जोखीम: नाही. सहभाग: ऐच्छिक. माहिती: गोपनीय ठेवली जाईल.

आमच्या विभागप्रमुखांच्या मते नैतिकता समितीच्या अर्जातला तो भाग एवढ्यात संपत होता. मी दोन पानं लिहून नेली होती. त्यांनी त्यावर लाल शाईची तिरपी रेघ मारली, खाली हे तीन शब्दसमूह लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, आपण काही सुई टोचणार नाही. चार प्रश्न विचारणार. प्रश्नानं कोणी मेलंय का आजवर? उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा धुळ्यात एका वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक आरोग्याच्या विभागात अधिव्याख्याता होते. माहेर जळगावचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना वसतिगृहात झोप किती मिळते, जेवण कसं असतं, घरची आठवण कितपत छळते, आणि कोणी वरचं माणूस त्यांच्याकडून स्वतःची खाजगी कामं करून घेतं का, हे प्रश्नावलीतून विचारायचं होतं. शेवटचा प्रश्न माझा. रुग्णालयाच्या मेट्रनबाईच वसतिगृह सांभाळत आणि त्यांचं धुणं वाळत घालणाऱ्या मुली मी गच्चीवर पाहिल्या होत्या. तेव्हा जोखीम नाही असं लिहायला माझा हात वळेना.

सरांची आणखी एक पक्की समजूत होती. नर्सिंगच्या प्राचार्यबाईंनी परवानगी दिली म्हणजे मुलींनी दिली. "त्या मुलींना इथं आईच्या जागी आहेत," ते म्हणाले. आईच्या जागी असलेल्या बाईसमोर कोणती मुलगी नाही म्हणेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आणि गोपनीय कागद कुठं राहणार? तर विभागाच्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली शिपायाच्या स्टुलामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली असे, कारण चहाची साखरही त्याच कपाटात असायची.

मी हट्टाला पेटले. लाल रेघ बाजूला ठेवून तो भाग पुन्हा टंकलिखित करून घेतला. जोखीम: शरीराला नाही, पण उत्तर देताना मुलीला रडू येऊ शकतं, आणि तिचं उत्तर वरिष्ठांना कळलं तर तिला त्रास होऊ शकतो. रडू आलं तर वसतिगृहाशी संबंध नसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे जाता येईल. सहभाग: वर्गात नाही, तासाला नाही, शिक्षिकेसमोर नाही. वसतिगृहाच्या जेवणघरात कुलपाची पेटी आठवडाभर राहील. वाटेल तिनं भरावं, न वाटेल तिनं कोरा कागद घडी करून टाकावा. म्हणजे भरला कोणी आणि नाही कोणी, हे पेटीलाही कळू नये. नाव, हजेरी क्रमांक, गाव, जात, वडिलांचा धंदा, यातलं काही विचारायचं नाही. गाव मूळ प्रश्नावलीत होतं. वर्गात शिरपूर भागातली एकच मुलगी, मग तिनं नाव न लिहून उपयोग काय? ते मी काढून टाकलं. कागद माझ्या ट्रंकेत, किल्ली माझ्याकडे, निष्कर्ष फक्त एकत्रित.

आणि शेवटी एक वाक्य: कोणत्याही उत्तराच्या आधारे कोणाही विद्यार्थिनीवर शिस्तीची वा गुणांची कारवाई होणार नाही, याची संस्थाप्रमुखांनी लेखी हमी दिली आहे. सर हसले. "हे तर कोर्टात गेल्यासारखं झालं." पण मी संस्थाप्रमुखांकडे, म्हणजे अधिष्ठात्यांकडे गेले. ते घाईत होते, त्यांनी न वाचताच सही केली. काही माणसांच्या घाईची मी कायमची ऋणी आहे.

समितीत औषधशास्त्राचे प्राध्यापक सचिव, एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, आणि सामान्य नागरिक म्हणून आग्रा रोडवरचे एक मारवाडी कापड व्यापारी. त्यांनी अर्ज मंजूर केला. मुलींना द्यायचं माहितीपत्रक समजतं का हे पाहायला मी ते वर्गातल्या एका मुलीला वाचून दाखवलं. ती तीच, शिरपूर भागातली. शांत, हाताला लसणाचा वास, स्वयंपाकघरात पाळी होती बहुतेक. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "मॅडम, पेटी कोण उघडी?" मी म्हणाले, मी. ती म्हणाली, "मंग ठीक शे."

त्याच आठवड्यात भाच्याच्या बारशाला मी जळगावला गेले. दोन दिवस. तेवढ्यात सरांना एका परिषदेची तारीख आठवली.

परत आले ती थेट बसस्थानकावरून विभागात. मेट्रनबाईंच्या कार्यालयातून निरोप होता, कागद घेऊन जा. कोणते कागद? गेले. तिथे नर्सिंगच्या शिक्षिका सिस्टर हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या. टेबलावर भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा, वर टाचणीनं लावलेली हजेरी. सरांच्या सांगण्यावरून त्यांनी दुपारच्या तासाला प्रश्नावल्या वाटल्या होत्या. "आठवडाभर पेटी कशाला मॅडम, तासाभरात झालं. एकही सुटली नाही. नावं नाहीत हं कोणाची. आणि नंबरवार लावून ठेवलेत."

नंबरवार. आमच्याकडे बालवाडीपासून हीच सवय. वह्या नंबरवार, पेपर नंबरवार, रांगही नंबरवार. सिस्टरांच्या मनात काही वाईट नव्हतं. मुली नंबरवारच बसत, पहिल्या बाकावरून कागद गोळा झाले आणि त्यांच्या हातांनी आपोआप ते हजेरीच्या क्रमानं लावले. नाव लिहू नका असं वर्गाला सांगून त्यांनी प्रत्येकीचं नाव तिच्या कागदाला चिकटवून दिलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरी आग पुढे होती. मेट्रनबाई चहा पीत बसल्या होत्या. बशी खाली ठेवून म्हणाल्या, "नऊ नंबरची फार लिहिते. माझे कपडे धुवावे लागतात म्हणे. तिच्या वडिलांना बोलावून घेतलंय."

नऊ नंबर म्हणजे पेटी कोण उघडणार असं विचारणारी ती, हे मला हजेरी न बघता कळलं.

मी गठ्ठा उचलला. टाचणी उपसली. हजेरी वेगळी काढली आणि त्यांच्यासमोर टेबलावर सगळे कागद पसरून पत्त्यांसारखे पिसले. मेट्रनबाई म्हणाल्या, "हा काय पोरखेळ?" पिसण्याचा आता काही उपयोग नव्हता, जे वाचायचं ते वाचून झालं होतं. तरी पिसले. नंतर ते एका पाकिटात घातले, लाखेनं बंद केलं आणि उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मुलीचे वडील उभे होते. पांढरा सदरा, हातात पिशवी. आत कोणी बोलावत नव्हतं, बसायला कोणी सांगत नव्हतं. मी म्हणाले, "भाऊ, बसा ना." ते बसले नाहीत. "ताई, मन्ही पोरनं काय चुकनं? लिखा म्हने, तिनी लिखं." मेट्रनबाई मुलीला वसतिगृहातून काढा म्हणत होत्या, तशी नोटीसच त्यांनी वडिलांच्या हाती दिली होती. वसतिगृह गेलं म्हणजे शिक्षण गेलं. रोज शिरपूरहून कोण येईल?

मी सरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "कोणाचं काय बिघडलं? एका मुलीला समज देऊन सोडतील. आपली माहिती तर हातात आली." मला आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात. आपली माहिती. जिची होती ती व्हरांड्यात वडिलांशेजारी भिंतीला टेकून उभी आणि माहिती आपली.

मंजूर पद्धत मोडली तर संशोधकानं समितीला कळवायचं असतं. मी लेखी कळवलं, काहीही न लपवता, आणि तातडीची बैठक मागितली. सर अर्जात प्रमुख संशोधक होते, म्हणून चर्चेच्या वेळी त्यांना आणि मला बाहेर बसवलं. त्याआधी समोर बसवून दोघांचंही ऐकलं. सर म्हणाले, तांत्रिक चूक. मी म्हणाले, समितीनं मंजूर केलेलं वाचा, मोठ्यानं. न्यायाधीशांनी चष्मा लावून तो भाग वाचला, माझा, सरांनी आधी लाल रेघ मारून उडवलेला. शेवटच्या वाक्याला ते थांबले आणि अधिष्ठात्यांची सही दोनदा बघितली. कापड व्यापारी म्हणाले, "शब्द दिला आहे ना साहेब? मग माघार कशी?"

निर्णय झाला. अभ्यास बंद. कागद न वाचता, समितीसमोर नष्ट. मेट्रनबाईंनी वडिलांना दिलेली नोटीस मागे घ्यावी, असं अधिष्ठात्यांना पत्र. त्यांना ते करावं लागलं, सही त्यांचीच होती. मुलगी वसतिगृहात राहिली. वडील संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. मेट्रनबाईंना कोणी काही बोललं नाही. कपडे गच्चीवर वाळतच राहिले, आणि सर माझ्याशी वर्षभर कामापुरतं बोलले. त्यांची परिषद बुडाली, याचं मला वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

पुढच्या वर्षी नव्या अर्जानं, माझ्या एकटीच्या नावावर, पेटी शेवटी जेवणघरात गेली. आठवडा झाल्यावर मी एकटीनं कुलूप काढलं. निम्म्याहून जास्त कागद कोरे. सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बघा, तुमच्या ऐच्छिकनं काय केलं." ऐच्छिकनं काही केलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या नंबरवार गठ्ठ्यानं केलं होतं, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

काही दिवसांनी बाळंतपणाच्या वॉर्डबाहेर ती मुलगी भेटली. पेटी सगळ्याच वर्षांच्या मुलींसाठी होती, त्यामुळे तिलाही कागद मिळाला होता. हातातला ट्रे सावरत ती जवळ आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी कोराच टाकना. तुम्ही राग नका..."

मी तिला मध्येच थांबवलं. म्हणाले, "ते मलासुद्धा सांगायचं नसतं, बाळ."

मान हलवून ती ट्रे घेऊन आत गेली. तिच्यावर माझा राग नव्हता. ज्यांच्यावर होता त्यांच्यावर अजून आहे.