एका ‘आउफ’ची गोष्ट

अक्कांची वही वर्गात फिरायची तेव्हा त्यांना बरं वाटायचं. हाडांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलेली नर्स, वय चव्वेचाळीस, आणि जर्मन शिकायला बसलेल्या सातजणींत सगळ्यात थोरली. परदेशातल्या नोकरीसाठी भाषेची परीक्षा पास व्हावी लागणार होती. ड्यूटी संपली की दवाखान्याच्या मीटिंगच्या खोलीत वर्ग भरायचा. सोमवारी आणि बुधवारी बाई फोनवरून शिकवायच्या, शुक्रवारी स्वतः येऊन सराव घ्यायच्या. फोनवरचा धडा तास संपला की बंद होई, म्हणून सगळ्याजणी घाईघाईने पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवत. पण त्या चित्रातून नवे शब्द वेचून, अर्थ लावून, वहीत नीट उतरवायचा उत्साह एकट्या अक्कांना. सोमवारचा धडा मंगळवारी त्यांच्या वहीत असे, आणि बुधवारी ती वही सहाजणींच्या हातून फिरून, कोपरे दुमडून परत येई.

मग चिमणी आली. खरं नाव वेगळंच, पण आवाज बारीक आणि चाल भुरभुर, म्हणून सगळ्या तिला चिमणीच म्हणत. नर्सिंग संपवून वर्षही झालं नव्हतं. तिने एका मंगळवारी सकाळीच ग्रुपवर तक्ता टाकला. स्क्रीनशॉटमधला मजकूर फोनने वाचून घेतलेला, त्यातून निवडलेले एकोणीस शब्द. शब्दाआधी लिंग दाखवणारं ‘देअर’, ‘दी’ की ‘दास’ ते, पुढे अनेकवचन, मराठी अर्थ, धड्यातलं वाक्य आणि शेजारी तिने स्वतः रचलेलं एक वाक्य. ‘दी श्प्रित्सऽ, अनेकवचन श्प्रित्सन, इंजेक्शन.’ नामं निळी, क्रियापदं हिरवी. पाच मिनिटांत सहा अंगठे उमटले. कुणीतरी लिहिलं, ‘आता वहीची वाट बघायला नको!’

अक्कांनी ते वाचलं आणि पेशंटचं ब्लड प्रेशर मोजायला गेल्या. पट्टा इतका आवळला की म्हातारबा म्हणाले, “सिस्टर, माझा दंड आहे, दोरीचं बंडल नव्हे.”

त्या दिवसापासून अक्कांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर दवाखान्यात औषध नव्हतं. चिमणी काही उर्मट नव्हती, हीच पंचाईत. उर्मट असती तर मन मोकळं करता आलं असतं. ती दारात अक्कांसाठी थांबे, डबा उघडला की पहिला घास त्यांना देई. अक्का तो घास खात. घरी नवरा म्हणाला, “तक्ता चांगला असेल तर तूही घे की त्यातलं.” त्या रात्रीच्या भाजीत मीठ पडलं नाही.

पुढच्या बुधवारचा धडा मलमपट्टीचा होता. नर्स आणि पेशंट बोलतात असं पान. गुरुवारी दुपारी चिमणी वॉर्डात आली. फोन पुढे करून म्हणाली, “अक्का, ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा नजर टाका ना. तुमच्या वहीशी ताडून बघा. मला तुमच्याइतकं कळत नाही.”

अक्कांनी चष्मा चढवला. चुकीचं काही सापडावं अशी मनातून त्यांची इच्छा होती, आणि चौदाव्या ओळीवर ते सापडलं.

धड्यात नर्स म्हणते, ‘वेन एस वे टूट, ह्योरऽ इश झोफोर्ट आउफ.’ दुखलं तर मी लगेच थांबते. जर्मनमध्ये काही क्रियापदांचे दोन तुकडे होतात. एक मधे राहतो, दुसरा वाक्याच्या पार शेवटी जाऊन बसतो. कोशात शोधताना ते पुन्हा जोडावे लागतात. ‘ह्योरन’ म्हणजे ऐकणं, पण शेवटचा ‘आउफ’ जोडून ‘आउफह्योरन’ केलं की थांबणं. स्क्रीनशॉटमध्ये तो ‘आउफ’ एकटाच खालच्या ओळीवर गेला होता. ‘आउफ’ म्हणजे ‘वर’ हे चिमणीला आधीपासून ठाऊक. नवा शब्द नाही म्हणून तिने तो सोडून दिला. तक्त्यात लिहिलं: ‘ह्योरन, ऐकणे. दुखलं तर मी लगेच ऐकते.’

वाक्य खोटं वाटत नव्हतं. चांगली नर्स ऐकतेच की.

अक्कांच्या वहीत ते बरोबर होतं. दोन शब्द बोलले असते तर काम झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.

“झकास आहे,” त्या म्हणाल्या. “टाक.”

“खरंच?”

“सांगितलं ना.”

शुक्रवारी बाई आल्या. बाईंचा उजवा खांदा जुन्या पडण्यामुळे आखडलेला, हात खांद्याच्या वर जात नसे. “आज मी पेशंट,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “चिमणी, तू नर्स. माझा हात हळूहळू वर घे आणि माझ्याशी बोल.”

चिमणीने गोड आवाजात सुरुवात केली. हात वर चालला. बाईंचा चेहरा बदलला. “ह्योरन झी आउफ!” त्या म्हणाल्या. थांबा!

चिमणीने मान डोलावली. “या, या, इश ह्योरऽ,” ती म्हणाली. हो, हो, ऐकतेय. आणि हात आणखी बोटभर वर नेला.

बाई कळवळल्या. अक्कांच्या तोंडून “अगं, थांब!” निघालं, पण तोवर बाईंनी हात हिसकावून घेतला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

“मी थांब म्हणत होते, पोरी.”

चिमणी पांढरीफटक. बाईंनी एकेकीला विचारलं. बाकी सहाजणींनीही ‘ऐकणे’च पाठ केलं होतं, सगळ्यांनी तक्ता वापरलेला. “खऱ्या पेशंटचा खांदा असता तर?” बाई म्हणाल्या. “कुणाकडे बरोबर आहे?”

अक्कांनी वही उघडून दिली. बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. “बघा, वाक्य शेवटपर्यंत वाचण्याचा फायदा!” ज्या क्षणाची अक्का आठवडाभर वाट बघत होत्या, तो हाच. छातीत गार वाटलं. अगदी दोन श्वास.

“तक्ता टाकण्याआधी कुणाला दाखवला नव्हतास का गं?” बाईंनी चिमणीला विचारलं.

चिमणीने अक्कांकडे पाहिलंही नाही. “नाही बाई. माझीच घाई.”

तिने रागाने पाहिलं असतं, नाव घेतलं असतं, तर अक्कांना सोपं गेलं असतं. पोरगी त्यांची अब्रू सांभाळत होती. आणि ह्या बाबतीतही आपल्यापेक्षा वरचढ निघाली, म्हणून अक्कांचा जळफळाट आणखी वाढला. तिच्याकडून हे उसनं मोठेपण घेऊन बसायचं? छे.

“मला दाखवला होता,” अक्का उभ्या राहून म्हणाल्या. “चूक दिसली होती मला. बोलले नाही.”

“का?” बाई म्हणाल्या.

“जळले,” अक्का म्हणाल्या. “दुसरं काय.”

बाई खांदा चोळत राहिल्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, “मलमाची ट्यूब आहे का कुणाकडे?” अक्कांनी वॉर्डातून आणली, आणि लावलीही.

जाताना जिन्यात चिमणीने गाठलं. ती रडलेली होती. “अक्का, मला राग आलाय तुमचा.”

“यायलाच हवा.”

“पण तक्त्यात तुटणारी क्रियापदं कशी लिहायची ते दाखवा. मला दुसरं कुणी सांगणार नाही.”

अक्का पायरीवर बसल्या. तिच्या फोनवर जुने स्क्रीनशॉट उघडून दोघींनी एकेक वाक्य शेवटपासून वाचलं. आणखी तीन ठिकाणी तुकडे हरवलेले निघाले. पुढे सगळे तक्ते असेच झाले: शब्द चिमणीचे, तपासणी अक्कांची, खाली दोघींची नावं.

परीक्षेत चिमणी पहिल्या फटक्यात पास झाली. अक्का बोलण्यात पास, लिहिण्यात चार गुणांनी नापास. निकालाच्या दिवशी चिमणी गळ्यात पडली तेव्हा अक्कांनी तिच्या पाठीवर हात फिरवला, तोंडभर आशीर्वाद दिला, आणि पोटात नेहमीच्या जागी चांगलंच दुखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला.