तेल लावलेल्या डोक्याचा फोटो

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी बिट्टन मार्केटमधल्या एका त्वचारोग दवाखान्यात काम शिकू लागले. छोट्या कॅमेऱ्याने टाळूचे जवळून फोटो काढायचे आणि संगणकावर तीन कप्प्यांत लावायचे: कोंडा, कोरडी टाळू आणि केसांच्या उत्पादनांचा थर. डॉक्टरीणबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्या शांतपणे शिकवत. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर, तेलकट असतात आणि खाली बहुधा लाली दिसते. कोरड्या टाळूचे कण बारीक, पांढरे, भुरभुरीत असतात. थर मात्र मेणासारखा केसालाच चिकटून राहतो. नीट धुतला की जातो. फोटोआधी दोन दिवस तेल लावू नये, हा नियम मी प्रत्येक रुग्णाला न चुकता सांगत असे.

सरावासाठी आईचा फोटो मी बाग सेवनियातल्या आमच्या घरी काढला. दर शनिवारी तिच्या डोक्याला तेल लावून देणे, ही आमची जुनी रीत होती. तो रविवार होता. पापुद्रे पिवळट आणि चिकट दिसले. मी लगेच तो दवाखान्याच्या संगणकावर ‘कोंडा’ या कप्प्यात टाकला, औषधी शाम्पू आणला आणि तेल बंद केले.

आई हसली होती. “पन्नाशीनंतर शिकायला गेलीस आणि पहिली रोगी मीच सापडले होय गं?”

पुढे शनिवार आला की ती तेलाची वाटी काढून ठेवी आणि मी ती उचलून आत ठेवी. टाळू ओढल्यासारखी वाटते, असे ती दोनदा म्हणाली. औषधाचा परिणाम आहे, थोडे सोस, असे मी तिला समजावले. तिसऱ्या महिन्यात ती झोपेतच गेली. हृदय थांबले होते. शाम्पूचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मला ठाऊक आहे.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई जुने फोटो तपासत होत्या. फोटोंवर फक्त क्रमांक असत. एका फोटोपाशी त्या थांबल्या आणि त्यांनी तो मोठा केला.

“ताई, हा कोंड्यात कसा आला? लाली कुठेच नाही. कण बारीक आहेत, तेलाने भिजून गोळा झालेत म्हणून पिवळे दिसतात. तेल कधी लावलं होतं, विचारलं होतं का?”

मी नाही म्हटले. विचारण्याची गरजच नव्हती. ते तेल माझ्याच हातचे होते.

“कोरडी टाळू आहे ही. कोंड्याच्या शाम्पूने अजून कोरडी झाली असेल. पेशंटला फोन करून तो बंद करायला सांगा. आणि थोडं तेल लावलं तरी चालेल म्हणावं.”

मी फोटो दुसऱ्या कप्प्यात हलवला.

“सांगते,” मी म्हणाले.