गाळलेली ओळ

कऱ्हाडच्या तहसील कचेरीमागे तेजश्रीचं डीटीपीचं दुकान आहे. तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीवर वसंत कासार बसतात. वय एकाहत्तर. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले आणि छापखाना बंद पडल्यावर मुद्रितं तपासायला इथे आले. सगळे त्यांना कासारकाका म्हणतात. माणूस भला, पण नाकावर राग. चुकलेला रफार दिसला की जेवणातला खडा लागावा तसं तोंड करतात.

त्या आठवड्यात घळवाडीच्या मंडळींचं काम आलं होतं. गाव धरणात गेलं त्या वर्षी त्यांनी एक स्मरणिका काढली होती. आता रविवारच्या मेळाव्यात ती पुन्हा छापून वाटायची होती. जुनी एकच प्रत उरली होती. तिचे फोटो काढून कुणीतरी पीडीएफ करून पाठवली होती. फाइल उघडली तर पानं दिसत, पण एक अक्षर खोडता येत नव्हतं, कारण ती नुसती चित्रं होती.

"चित्रातून अक्षरं काढून घेऊ, काका. तुम्ही फक्त दुरुस्त्या करा," तेजश्री म्हणाली.

"फक्त म्हणे! पहिल्या झटक्यात काय झालं ते बघ."

पहिल्या झटक्यात तिच्याकडून अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामची भाषा हिंदी राहिली होती आणि सगळ्या 'ळ'चा 'ल' झाला होता. मराठी लावल्यावर बरंच सुधारलं. तरी 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' होतच होता. कागदावरच्या ठिपक्यांचे अनुस्वार झाले. १ आणि ९ यांची अदलाबदल झाली. कऱ्हाडचं नाव तर दर पानावर नव्या तऱ्हेने मोडलं. काकांनी दोन दिवस मान मोडून काम केलं. शेवटच्या पानावर धरणाच्या कामावर दगावलेल्यांची यादी होती, एका ओळीत एक नाव. ती इतकी स्वच्छ उतरली होती की काकांनी ती नुसती वाचली आणि खाली सही ठोकली.

शुक्रवारी दुपारी घळवाडीच्या हौसाबाई आल्या. फोटो त्यांच्याच प्रतीचे होते. लिहितावाचता येत नव्हतं, तरी छापायच्या आधी बघायचंच म्हणून एसटीने आल्या होत्या. शेवटचं पान हातात येताच त्यांनी खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं वाच."

"किसन रामा पवार," काकांनी वाचलं.

"ह्यो न्हवं. हितं माझा भाऊ हाय. धाकलू."

"आजी, ओळी थोड्या वरखाली झाल्या असतील."

"मग हुडीक की."

काकांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. धाकलू नव्हता. चित्रातल्या ओळी मोजल्या तर एकतीस, नव्या पानावर तीस. छापखान्यात खिळे लावून झाले की आधी ओळी मोजायच्या, मग वाचायचं, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. चुकलेलं अक्षर डोळ्यांत खुपतं, नसलेली ओळ खुपत नाही, म्हणूनच ती मोजणी. नेमकी या पानाला त्यांनी ती केली नव्हती.

"मशीननं गाळली, काका. तुमचा काय दोष?" तेजश्री हळूच म्हणाली.

"मशीनला सही करता येत नाही. सही माझी आहे."

त्यांनी चित्र मोठं केलं. त्या एका ओळीवर काळपट, तेलकट पट्टा होता. शिरोरेषा पुसून गेली होती आणि खाली अक्षरांचे नुसते तुकडे उरले होते. यंत्राने त्याला डाग समजून सोडून दिलं होतं. बाकी पान लख्ख होतं. काकांनी पट्टा पाहिला, मग हौसाबाईंचं पानावरचं बोट पाहिलं. बोट अजून तिथेच होतं.

"तुम्ही रोज बघायच्या का हो हे पान?" त्यांनी विचारलं.

"रोज. दिवा लावला की. वाचाय येत न्हाई, म्हनून हात लावायची."

त्या ओळीत यंत्राने काहीच का वाचलं नाही, ते काकांनी त्यांना सांगितलं नाही. काकांना भडभडून आलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि कीबोर्ड जवळ ओढला.

"पूर्ण नाव सांगा, आजी. मी अंदाजाने घालणार नाही."

"धाकलू भैरू घाडगे. एकोनीस वर्साचा हुता."

काकांनी तुकड्यांशी एकेक अक्षर ताडून ओळ हाताने टाइप केली. मग एक ते एकतीस मोठ्याने मोजलं, नवं पान काढलं आणि उभं राहून वाचून दाखवलं, "धाकलू भैरू घाडगे."

हौसाबाईंनी या वेळी पानाला हात लावला नाही. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "आई गेल्यापासनं त्याचं पुरं नाव कुनाच्या तोंडून ऐकलं न्हवतं, बाबा. आनी येकदा वाच."